उंच धड, आखूड कॉस्च्युम

माझं धड लांब आहे. पाय नाहीत हां लांब, पाय अगदी बेताचे, उंची पण चारचौघींइतकीच, फक्त खांद्यापासून खालपर्यंतचा मधला भाग देवाने जरा सढळ हाताने दिलाय. ही बातमी मला इतक्या वर्षांत कुणीच दिली नव्हती कारण साध्या कपड्यांना ती कळतच नाही. शर्ट आखूड असला तर जरा वर राहतो, पँट जरा खाली बसते, दोघांच्या मध्ये दोन बोटं इकडेतिकडे झाली तर कुणाचं काही अडत नाही. पण डॉक्टरांनी पाठदुखीसाठी पोहायला सांगितलं, मी स्विमिंगचा कॉस्च्युम घ्यायला गेले, आणि वन-पीस नावाच्या कपड्याने ट्रायल रूममध्ये मला माझ्याच शरीराची माहिती दिली, तीही फारशा प्रेमाने नाही.

ट्रायल रूममध्ये आधीच नियमांची पाटी. अंडरवेअर काढायची नाही, कॉस्च्युम त्याच्यावरून घालायचा, आत चिकटवलेली ती प्लास्टिकची पट्टी सोलायची नाही. नियम बरोबरच आहे, माझ्या आधी तो कुणी कुणी घालून बघितलाय देव जाणे, पण त्यामुळे आरशात जे दिसतं त्यात कॉस्च्युमचा कट कमी आणि आपल्या अंडरवेअरच्या कडाच जास्त. मी एम साइज घेतला होता. पाय घातले, कमरेपर्यंत ओढला, तिथपर्यंत सगळं गोड. मग पट्टे खांद्यावर घ्यायला गेले तर खांदे अजून लांब आहेत. कापड ताणून, श्वास सोडून, थोडं वाकून, एकदाचे पट्टे चढवले आणि आरशात बघितलं तर चक्क बरं दिसत होतं. वाकलेली असेपर्यंत. सरळ उभी राहिले तशी त्या कपड्याने हिशोब मागितला: वरून पट्टे खांद्यात रुतले आणि खालून पायाचं इलॅस्टिक मांडीवरून वर वर निघालं, आणि मी एकाच वेळी दोन्हीकडून उचलली जातेय असं वाटायला लागलं.

मग एल आणला. एल बाजूंना ढगळ, गळ्यापाशी कापड सुटलेलं, खाली वाकलं की समोरचं सगळं जाहीर, आणि एवढं असूनही पट्टे परत रुततातच! रुंदीला जास्त आणि लांबीला कमी, हे एकाच कपड्याला कसं जमतं मला कळेना.

शेवटी बाहेरच्या मुलीला दया आली. ती टेप घेऊन आली आणि म्हणाली, "ताई, छाती-कंबर-हिप सोडा, तुमचा लूप घेऊ." टेपचं एक टोक तिने माझ्या एका खांद्यावर मधोमध धरलं, टेप पुढून छातीवरून पोटावरून खाली, मांड्यांच्या मधून मागे, पाठीवरून वर, आणि परत त्याच खांद्यावर. आला १६६ सेंटीमीटर. तक्त्यात एमच्या पुढे लिहिलं होतं १५५ ते १६०. "बघा, बाकी सगळं तुमचं एमच आहे," ती म्हणाली, "धड तेवढं लांब आहे." हे तिने इतक्या सहज सांगितलं की मला वाटलं बाकी सगळ्यांना हे माहीत होतं आणि फक्त मलाच कळवायचं राहून गेलं होतं.

पण त्या टेपने माझे डोळे उघडले. बाकी सगळ्या कपड्यांना कुठेतरी मोकळं टोक असतं, लांबी कमी पडली की ते टोक वर सरकतं आणि विषय संपतो. वन-पीसला टोकच नाही, तो खांद्यावरून निघून खांद्यावरच परत येतो. त्यामुळे कमी पडलेले सहा सेंटीमीटर कुठे जाऊ शकत नाहीत, ते खांदा आणि मांड्या यांच्यात वाटले जातात. कापडाला स्ट्रेच असतो हो, पण ताणलेलं कापड सतत परत ओढत असतं, पाच मिनिटं ट्रायल रूममध्ये ते सहन होतं आणि पाऊण तास पोहून आलं की खांद्यावर लाल वळ. एल घेऊन हा प्रश्न सुटत नाही कारण साइज वाढला की घेर भरपूर वाढतो आणि लूप थोडासाच. पट्टे अॅडजस्ट होणारे असले तर ते सैल करून काही सेंटीमीटर मिळतात, फक्त तेवढाच गळा पण खाली येतो, म्हणजे एका खिशातलं काढून दुसऱ्या खिशाला भोक.

तेव्हापासून मी वन-पीस घालून बघते ती आरशासमोर कवायत करत. हात सरळ वर, मग खाली बसायचं, मग पुढे वाकायचं. हात वर केल्यावर खालची कड मांडीवर चढली किंवा पट्ट्याखाली एक बोट सहज जात नसलं तर लूप आखूड. उभं राहिल्यावर पोटावर आडव्या चुण्या पडल्या आणि गळा अंगापासून सुटला तर लूप लांब. आणि कोरड्यात कॉस्च्युम जरासा घट्टच वाटला पाहिजे, कारण ओला झाला की कापड थोडं सैलावतं. कोरड्यात "अहाहा, किती आरामशीर" वाटणारा कॉस्च्युम पाण्यात पायरीवर बसल्या बसल्या मागून पिशवी होतो.

पायाच्या कटचं पण यातच येतं. मला आपलं वाटायचं की हाय लेग म्हणजे तरुण मुलींचं काम, आपण आपलं मांडी झाकणारा घ्यावा, तो बॉयलेगवाला, छोट्या शॉर्ट्सइतका पाय असलेला. कव्हरेज जास्त, मन शांत. पण लूप आखूड असला की तो पाय पोहताना गुंडाळी होत वर येतो आणि मांडीच्या आत एक छान जाड दोरा तयार होतो जो प्रत्येक ब्रेस्टस्ट्रोकला घासतो. थोडा वर कापलेला पाय मांडी फिरते तिथून बाजूला राहतो, म्हणून लॅप मारणाऱ्या बायका तो घालतात, नखरा म्हणून नाही. मागच्या बाजूला कापड किती हे मात्र वेगळं प्रकरण, फुल, मॉडरेट आणि चीकी अशा पायऱ्या असतात, आणि पुढून अत्यंत सोज्वळ दिसणारा कॉस्च्युम मागून चीकी असू शकतो. फोटोत मॉडेल नेहमी पुढून उभी असते. माझा सल्ला एवढाच की मागचा फोटो नसेल तर त्याला काहीतरी कारण असतं.

आणि गळा! खोल गोल गळा आरशात सुंदर दिसतो. मग तुम्ही भिंतीला पाय लावून जोरात सुटता, पाणी समोरून येतं, सैल गळ्यातून थेट आत शिरतं आणि पोटापाशी जाऊन थांबतं, कारण पुढे जायला जागा नाही. तुम्ही पोहताय ते स्वतःचं वजन अधिक तांब्याभर पाणी. म्हणून रोज पोहणाऱ्यांचे कॉस्च्युम गळ्याशी उंच आणि मागे रेसरबॅक किंवा क्रॉसबॅक असतात, पट्टे पाठीच्या मधोमध एकत्र आले की खांद्यावरून घसरत नाहीत. पाठ मोकळी सोडणारे बाकीचे सगळे प्रकार उन्हात आरामखुर्चीवर बसायला उत्तम.

एवढं सगळं झाल्यावर माझी मैत्रीण म्हणाली, "अगं एवढी डोकेफोड कशाला, टँकिनी घे की." टँकिनी म्हणजे वर टँक टॉप, खाली बिकिनीची बॉटम. १९९०च्या दशकाच्या शेवटाला ही चांगलीच चालायला लागली आणि का चालली हे मला ती घातल्या घातल्या कळलं. कपडा दोन तुकड्यांत, म्हणजे लूपच नाही! लांब धड, आखूड धड, या तुम्ही. वरचा एम आणि खालचा एल असा वेगवेगळा साइज घ्यायची सोय. अंग वन-पीसइतकंच झाकलेलं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट जी कुठल्याच लेबलवर लिहिलेली नसते ती म्हणजे टॉयलेट. ओला वन-पीस घालून टॉयलेटला जाणं म्हणजे खांद्यापासून पूर्ण सोलणं, आणि मग तोच गार गार ओला कपडा परत वर चढवणं, तो आता गुंडाळी होऊन अर्ध्या रुंदीचा झालेला असतो आणि ओल्या कातडीवरून सरकायला साफ नकार देतो. बाहेर कुणीतरी दार वाजवत असतं. टँकिनीत हे सगळं दहा सेकंदांचं काम.

मी जी टँकिनी घेतली तिचा टॉप खाली सैल, घेरदार, पोटावरून अलगद पडणारा. आरशात इतका छान पडत होता की मी गोल फिरून बघितलं. मग पहिल्या दिवशी तलावाच्या शिडीने पाण्यात उतरायला लागले. आता शिडी उतरताना तुम्ही पाय खाली करून पाण्यात जाता, म्हणजे पाणी तुमच्या दृष्टीने खालून वर येत असतं, आणि घेराच्या आत हवा कोंडलेली असते. माझ्या कमरेपर्यंत पाणी आलं तसा तो टॉप वादळातल्या छत्रीसारखा उलटा झाला आणि छातीपर्यंत वर आला. मी एका हाताने शिडी धरलेली, दुसऱ्या हाताने टॉप खाली ओढतेय, तो दुसरीकडून वर येतोय, आणि कोच मॅडम वरून म्हणतायत, "घाबरू नका, सोडा हात." कोणता हात ते त्यांनी सांगितलं नाही.

नंतर त्यांनीच समजावलं. पुढे डोकं करून पोहताना टॉप तसा जागेवर राहतो, कारण पाणी डोक्याकडून पायाकडे जातं आणि कापडाला खालीच ढकलतं, फक्त घेरात पाणी भरून पोटापाशी फुगा होतो आणि तो फुगा तुम्ही सोबत ओढत नेता. घात होतो तो शिडी उतरताना, उडी मारताना, आणि मध्येच थांबून उभं राहताना. म्हणून पोहायची टँकिनी असेल तर टॉप खालपर्यंत अंगाला लागून पाहिजे, लांबी कमरेच्या हाडाच्या खालपर्यंत, आणि खालच्या कडेला आतून इलॅस्टिक किंवा सिलिकॉनची बारीक चिकट पट्टी असली तर सोन्याहून पिवळं. वर बॉटम उंच कमरेची घ्यायची, म्हणजे टॉप दोन बोटं सरकला तरी मध्ये फट पडत नाही. काही टॉपना बाजूला नाड्या असतात, त्या ओढल्या की चुण्या पडतात. त्या दिसायला छान, पण ओढल्या की टॉप आखूडच होतो हे विसरायचं नाही.

हे सगळं घडत असताना नवरा आरामात बसून होता. "आमचं बरं असतं," म्हणे, "कंबर सांगायची आणि घ्यायचं." त्याने मिनिटभरात बोर्ड शॉर्ट्स उचलल्या, गुडघ्यापर्यंत लांब, मागे खिसा, पुढे नाडी. ट्रायल रूमकडे बघितलं पण नाही.

बोर्ड शॉर्ट्स हा खरं तर समुद्रावर सर्फबोर्डवर बसणाऱ्यांचा कपडा, आणि त्याचा प्रत्येक बारकावा त्या बोर्डासाठी आहे. सर्फर पोटावर झोपून हाताने वल्हवतो, म्हणून पुढे बटण नाही, चेन नाही, जाड इलॅस्टिक नाही, पोटाला टोचेल असं काहीच नाही. फक्त सपाट पट्टा, त्याला चिकटपट्टी आणि वरून बुटाला असते तशी नाडी. लाटेच्या जोरात निघून जाऊ नये म्हणून तो पट्टा अजिबात न ताणणारा. पाय लांब, कारण बोर्डवर मेण लावलेलं असतं आणि त्यावर मांडी घासते. साध्या स्विम ट्रंक्समध्ये आत जाळीची चड्डी शिवलेली असते, यात बहुतेक वेळा तीही नसते. कापड विणलेलं पॉलिस्टर, पाणी जवळजवळ पीत नाही म्हणून पटकन वाळतं. खिशाला तळाशी छोटी धातूची भोकं असतात ती पाणी निघून जायला.

आता हाच कपडा तलावात आणा. नवऱ्याने पाय खाली करून उडी मारली आणि दोन्ही पायांतून हवा आत शिरून मागे दोन फुगे झाले, काही सेकंद तो पाण्यावर असा तरंगला की कोच मॅडमना वाटलं याला येतं पोहायला. मग हवा निघाली आणि पाणी शिरलं. लांब रुंद पाय प्रत्येक किकला उघडतात, बंद होतात, उघडतात, म्हणजे तुम्ही पुढे जायला बघता आणि शॉर्ट्स ब्रेक लावतात. आणि कमरेचं तर असं की पट्टा ताणत नाही, म्हणजे तो आवळतही नाही. उभं असताना पोटावर नीट बसलेला पट्टा माणूस पाण्यात आडवा झाला, पोट सपाट झालं, की एकदम सैल. नाडी दोन गाठी मारून बांधायची असते. त्याने शोभेचा बो बांधला होता. भिंतीला पाय लावून तो सुटला, तो पुढे गेला आणि शॉर्ट्स तिथेच थांबायच्या विचारात होत्या. अर्ध्या वाटेत त्याने पकडल्या म्हणून, नाहीतर पुढचं वर्णन मला करता आलं नसतं.

वर लाइफगार्डने शिट्टी मारली. तलावाच्या नियमात ढगळ शॉर्ट्स चालत नव्हत्या. नवऱ्याला हा अन्याय वाटला पण असे नियम पुष्कळ ठिकाणी असतात, फ्रान्समधल्या बहुतेक सार्वजनिक तलावांत तर पुरुषांना अंगाला घट्ट बसणारंच घालून उतरावं लागतं. कारण सरळ आहे, ढगळ शॉर्ट्स माणूस दिवसभर घालून फिरतो, बसतो, आणि तसाच पाण्यात येतो. "मी काय रस्त्यावर घालून फिरतो का या?" नवरा बाणेदारपणे म्हणाला.

मग आला जॅमर. नायलॉन-इलॅस्टेनचा, कमरेपासून गुडघ्याच्या वरपर्यंत घट्ट. तो चढवताना आतून जे आवाज येत होते त्यावरून मला माझ्या लूपची आठवण झाली आणि मनाला फार बरं वाटलं. पण बाहेर आला तो छाती काढून. कुठूनतरी माहिती घेऊन आला होता की हा ऑलिम्पिकचा कट आहे, आणि त्यात तथ्य आहे. २००८-०९मध्ये पॉलियुरेथेन लावलेले अंगभर स्विमसूट आले होते, पाणी न शोषणारे, अंग आवळून तरंगवणारे, आणि २००९च्या रोमच्या जागतिक स्पर्धेत त्यांच्या जोरावर ४३ विश्वविक्रम पडले. त्यानंतर १ जानेवारी २०१०पासून नियम आला: कापड फक्त विणलेलं, पुरुषांना बेंबीपासून गुडघ्यापर्यंत, बायकांना खांद्यापासून गुडघ्यापर्यंत, त्याच्यावर एक इंच नाही. "म्हणजे कायद्याने जेवढं घालता येतं तेवढं मी घातलंय," नवरा म्हणाला, आणि उथळ पाण्यात जाऊन दांडा धरून उभा राहिला.

माझी टँकिनी तशी काही महिने टिकली. कापड मऊ, मखमली, लेबलवर ऐंशी टक्के नायलॉन आणि वीस टक्के इलॅस्टेन. हे इलॅस्टेन म्हणजे तो रबरासारखा ताणून परत येणारा धागा, १९५८मध्ये ड्यूपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स या केमिस्टने शोधलेला, आणि त्याच्या आधी लोक लोकरीचे विणलेले कॉस्च्युम घालून पोहायचे जे ओले झाले की गुडघ्याकडे निघायचे, तेव्हा तक्रार करताना जरा जपूनच करावी. पण इलॅस्टेनला क्लोरीन सोसत नाही. क्लोरीन त्याला हळूहळू तोडतो, गरम पाण्याच्या टबात तर अजून लवकर, आणि सनस्क्रीन, घाम, कडक ऊन, ड्रायर हे सगळे मदतीला असतातच. पहिली खूण मागे बसायच्या जागी दिसते. तिथे कापड लोंबायला लागतं, ताणून सोडलं की परत येत नाही, बारीक पांढरे केस बाहेर येतात. खरी परीक्षा म्हणजे कॉस्च्युम खिडकीच्या उजेडात धरून दोन हातांनी ताणायचा. पलीकडचं सगळं स्वच्छ दिसायला लागलं तर तुमच्या मागच्या लेनमधल्या माणसालाही ते आधीपासून दिसतंय असं समजायचं. मी ही परीक्षा घेतली आणि मग मागच्या लेनमधले काका हल्ली लेन का बदलतात ते मला कळलं.

आता रोजच्यासाठी पॉलिस्टर आणि पीबीटीचा वन-पीस आहे. पीबीटी हाही पॉलिस्टरचाच भाऊ, त्याचा धागा कुरळा असतो म्हणून थोडा स्ट्रेच इलॅस्टेनशिवायच मिळतो, आणि क्लोरीन त्याचं फारसं काही बिघडवू शकत नाही. हात लावला तर जरा राठ, पहिल्यांदा घातला तर चिलखत. पण हाच तो कॉस्च्युम जो मऊवाल्यांच्या कितीतरी पट टिकतो. गोम एवढीच की हे कापड कमी ताणतं, म्हणजे नायलॉन-इलॅस्टेन जो सहा सेंटीमीटरचा फरक कुरकुरत का होईना सांभाळून घेतो तो हे अजिबात घेत नाही. तक्त्यातला लूपचा रकाना बघूनच घ्यायचा. लांब धडासाठी वेगळा कट मिळतो, त्याच एम साइजमध्ये, फक्त लूप १६५ ते १७०, घेर तेवढाच. तो घातला, हात वर केले, बसले, वाकले, काहीही कुठेही सरकलं नाही. ट्रायल रूममध्ये मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

सांभाळायचं म्हणाल तर बाहेर आल्या आल्या साध्या गार पाण्यात खळबळायचा, पिळायचा नाही, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढायचं आणि सावलीत वाळत टाकायचा. मशीन नाही, ब्लीच नाही. ओला तसाच पिशवीत कोंबून रात्रभर ठेवला तर वासाचं मी सांगत नाही, तुम्ही स्वतः उघडाल तेव्हा कळेल.

टँकिनी अजून आहे. खालची बॉटम गेली, वरचा टॉप मी घरात घालते, हवेत तो फार छान पडतो. बोर्ड शॉर्ट्सना आता पोहायला परवानगी नाही म्हणून नवरा तलावावर जाता-येता जॅमरवरून त्याच घालतो, खिसा आहे, गाडीची किल्ली राहते. येताना पेट्रोल भरतो, बँकेत डोकावतो, बाकावर बसून कुणाकुणाशी तासभर गप्पा मारतो, सगळं त्याच शॉर्ट्समध्ये. परवा त्या लाइफगार्डची आणि त्याची पेट्रोल पंपावरच गाठ पडली. लाइफगार्ड काही बोलला नाही, फक्त शॉर्ट्सकडे बघितलं. नवरा म्हणतो, "कापड पटकन वाळतं, एवढंच सांगितलं मी त्याला."